छातीत उतरलेला गलगंड

62 वर्षांच्या एका बाई. तीन वर्षांपासून दम लागतो. जिना चढताना आधी लागायचा, आता अंगणातून घरात येतानाही लागतो. कुणीतरी दमा म्हणून पंप दिला. तो त्या नेमाने ओढतात, पण फरक पडत नाही. रात्री उशा वाढत गेल्या: आधी एक, मग दोन, आता तीन, आणि उजव्या कुशीवर अजिबात झोपता येत नाही. भाकरीचा घास मध्येच अडकतो, तो पाण्याच्या घोटाने खाली ढकलावा लागतो. गळ्यावर डाव्या-उजव्या बाजूला थोडा फुगवटा आहे, पण तो वीस वर्षं आहे. पदराआड जातो आणि दुखतही नाही, म्हणून त्याबद्दल त्या स्वतःहून बोलल्या नाहीत आणि कुणी विचारलंही नाही. या बाई कुणी एक व्यक्ती नाहीत. या आजारात नेहमी दिसणाऱ्या गोष्टी जुळवून मी त्यांना इथे उभं केलं आहे. दोन तपासणी-खोल्यांतला फुगवटा आणि दम यांचा एकमेकांशी संबंध आहे हे कळायला तीन वर्षं लागावीत, हेही त्यात नेहमीचंच.

थायरॉइड ग्रंथी मानेच्या पुढच्या भागात श्वासनलिकेला बिलगून बसलेली असते. ती वाढून गाठीगाठींची झाली की त्याला आपण गलगंड म्हणतो. वाढायला जागा कुठे असते ते पाहिलं, तर पुढचं बरंच काही समजतं. मागे मणके आहेत, ते हलत नाहीत. पुढे मानेचे पट्टीसारखे स्नायू ताणलेले आहेत. वर स्वरयंत्राच्या कुर्च्यांची अडचण आहे. मोकळी दिशा एकच, ती खालची. त्यात प्रत्येक घोट गिळताना ग्रंथी वरखाली सरकते आणि प्रत्येक श्वास घेताना छातीतला दाब कमी होऊन ती किंचित आत ओढली जाते. गुरुत्वाकर्षण तर आहेच. असं वर्षानुवर्षं चालतं आणि गलगंडाचं खालचं टोक छातीच्या मधल्या हाडामागे उतरतं.

उतरताना ते एका हाडांच्या कड्यातून जातं. पुढे छातीच्या मधल्या हाडाचा वरचा तुकडा, दोन्ही बाजूंना पहिली बरगडी, मागे छातीचा पहिला मणका. हे कडं पुढून मागे जेमतेम 5-6 सेंटीमीटर आणि आडवं 10 सेंटीमीटरच्या आसपास असतं. श्वासनलिका, अन्ननलिका, डोक्याकडून परतणाऱ्या जाड शिरा, मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या आणि आवाजाच्या नसा, सगळं याच वाटेने जातं. मानेत गाठ वाढली तर कातडी ताणली जाते आणि गाठ बाहेरच्या बाजूला फुगते. या कड्यात ताणायला काहीच नसतं. म्हणून गळ्यावर मोठा दिसणारा गलगंड अनेकदा निरुपद्रवी असतो आणि गळ्यावर जेमतेम दिसणारा गलगंड श्वास कोंडतो. या आजारात माणसं चुकतात ती बहुतेक याच ठिकाणी: डोळ्यांना दिसणाऱ्या आकारावरून धोका ठरवण्यात.

श्वासनलिका आधी बाजूला ढकलली जाते. तिला त्याचं फारसं वाईट वाटत नाही, नुसती वाकडी झालेली नलिका हवा नीट नेते. मग ती दोन्ही बाजूंनी चेपली जाऊन फटीसारखी होते. निरोगी बाईंची श्वासनलिका साधारण 13 ते 20 मिलिमीटर रुंद असते. ती 8 मिलिमीटरच्या खाली आली की श्रम करताना दम लागतो, आणि 5 मिलिमीटरच्या आसपास गेली की स्वस्थ बसूनही श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो. आडवं झालं की गाठीचा भार मागे नलिकेवर येतो, शिरा तुंबून गाठ आणखी फुगते आणि उशा वाढतात. अन्ननलिका मऊ असल्याने ती चेपली जाणं सोपं, पण ती बाजूला सरकूही शकते. म्हणून गिळण्याचा त्रास सहसा घट्ट घासाला होतो, पातळ वरणभाताला नाही. आवाज घोगरा झाला असेल, तर आवाजाची नस ताणली गेली आहे किंवा, क्वचित, गाठीत कर्करोग आहे, असं धरून चालावं लागतं.

दम्याशी गोंधळ का होतो, हे थोडं सावकाश पाहायला हवं, कारण तो टाळता येतो. दम्यात अरुंद होतात त्या फुप्फुसातल्या बारीक नळ्या, आणि त्या श्वास सोडताना जास्त मिटतात. म्हणून सूं-सूं आवाज श्वास सोडताना येतो आणि छातीभर ऐकू येतो. इथे अडथळा एकच आहे, मोठ्या नलिकेत, मानेच्या तळाशी. आवाज श्वास आत घेताना ठळक येतो, आणि स्टेथोस्कोप छातीऐवजी गळ्यावर ठेवला तर तिथे सर्वांत मोठा असतो. फुंकण्याच्या तपासणीतही फरक दिसतो. यंत्र आकडे देतं, तसा एक आलेखही काढतं, श्वास सोडण्याचा वेग वर आणि घेण्याचा खाली. दम्यात वरची रेघ आत खोलगट होते. श्वासनलिका कायमची आवळलेली असेल तर वरचा आणि खालचा, दोन्ही भाग सपाट होतात, कारण कितीही जोर लावला तरी त्या फटीतून ठरावीक वेगापेक्षा जास्त हवा जाऊच शकत नाही. रिपोर्टमधले आकडे वाचून आलेखाकडे न बघण्याची सवय अनेकांना असते. आपल्या बाईंचा आलेख सपाट होता, आणि ते कागद दीड वर्षं फायलीत पडून होते.

दवाखान्यातच, कुठलंही यंत्र न लावता करता येणारी एक तपासणी आहे. इंग्लंडमधले डॉक्टर ह्यू पेम्बर्टन यांनी 1946 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तिचं वर्णन केलं. रुग्णाने दोन्ही हात सरळ वर करून कानांना टेकवायचे आणि मिनिटभर तसेच ठेवायचे. हात वर गेले की गळपट्टीची हाडं हलून ती वाट आणखी आवळली जाते. गाठीने आधीच जागा खाल्ली असेल, तर चेहरा लाल होतो, मग निळसर पडू लागतो, गळ्याच्या शिरा टरारतात, कधी शिट्टीही ऐकू येते. केसांना तेल लावताना किंवा वरच्या फळीवरचा डबा काढताना घेरी येते, ही तक्रार म्हणजे घरच्या घरी झालेली हीच तपासणी. मात्र चेहरा लाल झाला नाही म्हणून छातीत गाठ नाही, असं म्हणता येत नाही. आणि खूण दिसली की हात लगेच खाली आणायचे, घड्याळ पाहत बसायचं नाही.

आपल्या बाईंना हात वर करायला सांगितलं तेव्हा अर्ध्या मिनिटात चेहरा काळसर-लाल झाला. दुसरी गोष्ट बोटांनी कळली. गिळताना गाठ वर येते, पण तिच्या खालची कड हाताला लागत नाही. बोट कुठे थांबतं तर हाडावर.

छातीचा साधा एक्स-रे यापुढची पायरी. त्यात श्वासनलिका काळ्या उभ्या पट्ट्यासारखी दिसते. ती मधून न जाता एका बाजूला झुकलेली असेल आणि छातीचा मधला भाग वरच्या बाजूला रुंद झाला असेल, तर संशय पक्का. फिल्मवरून आणखी एक गोष्ट ओळखता येते. गाठीची बाहेरची कड गळपट्टीच्या हाडापाशी येऊन पुसट झाली, तर गाठ छातीच्या पुढच्या भागात आहे, कारण तिथे तिच्याभोवती फुप्फुसाची हवा संपून मानेचं मांस सुरू होतं. कड त्या हाडाच्या वरही स्पष्ट दिसत राहिली, तर ती मागच्या बाजूला, मणक्यांजवळ आहे. आपल्याकडे घराघरांत जुने एक्स-रे प्लास्टिकच्या पिशवीत कपाटावर ठेवलेले असतात. ते फेकू नयेत. चार वर्षांपूर्वी दुसऱ्याच कारणाने काढलेल्या फिल्मवर नलिका तेव्हाच झुकलेली दिसली, तर गाठ हळू वाढते आहे हे त्यावरून कळतं.

सोनोग्राफी थायरॉइडसाठी उत्तम तपासणी आहे, पण हाडापलीकडचं ती पाहू शकत नाही. तिच्या रिपोर्टमध्ये 'खालचं टोक दिसत नाही' असं लिहिलेलं असेल तर ते वाक्य पुसटपणे वाचून सोडू नये, सगळ्या रिपोर्टमधलं ते सर्वांत महत्त्वाचं असू शकतं. गाठीचा मानेतला भाग तपासायला आणि संशयास्पद गाठीतून सुईने पेशी काढायला मात्र तीच उपयोगी पडते.

खरा नकाशा सीटी स्कॅनवर मिळतो. इथे एक सावधगिरी हवी. स्कॅनसाठी शिरेतून देतात त्या रंगद्रव्यात भरपूर आयोडीन असतं, आणि गाठीगाठींच्या गलगंडातले काही भाग मेंदूचा लगाम न मानता स्वतःच संप्रेरक बनवत असतात. त्यांना अचानक एवढं आयोडीन मिळालं तर काही आठवड्यांत थायरॉइडचा जोर वाढून छातीत धडधड सुरू होऊ शकते. म्हणून आधी रक्तातलं टीएसएच बघायचं. आपल्या बाईंचं 0.2 होतं, म्हणजे कमी, पण टी-3 आणि टी-4 अजून मर्यादेत होते. लगाम सुटू लागल्याची ही खूण पाहून पथकाने रंगद्रव्याशिवाय स्कॅन करायचं ठरवलं. थायरॉइडमध्ये नैसर्गिकरीत्या आयोडीन साठलेलं असल्याने ती साध्या स्कॅनवरही आजूबाजूच्या मांसापेक्षा उजळ दिसते, त्यामुळे फारसं अडलं नाही. त्यांना आडवं झोपवत नव्हतं, म्हणून स्कॅन मिनिटाभरात आटपेल अशी तयारी करून, भूलतज्ज्ञ शेजारी ठेवून तो काढला.

स्कॅन वाचताना सर्जन मनात एकच प्रश्न धरून असतो: हे मानेतून बाहेर येईल का? त्याचं उत्तर गाठीच्या लांबीत नसतं. तोंड अरुंद असलेल्या मडक्यात वेलावरचा कोवळा भोपळा सोडला आणि तो आतच वाढला, असं समजा. देठ बाहेर आहे, पण भोपळा मडक्याच्या तोंडापेक्षा रुंद झाला आहे की नाही, यावर सगळं ठरतं. गलगंड हळूहळू मानेतून खाली गेलेला असल्याने त्याचा देठ, म्हणजे रक्त आणणाऱ्या धमन्या, मानेतच असतात. म्हणून दहापैकी नऊहून अधिक रुग्णांत छाती न उघडता, मानेवरच्या आडव्या छेदातूनच तो काढता येतो. ज्यांचा थायरॉइडचा तुकडा जन्मतःच छातीत राहिला आणि तिथेच वाढला, त्यांचा देठ छातीतल्या धमन्यांत असतो. पण असे रुग्ण शंभरात एकही नसतात.

म्हणून स्कॅनवर आधी गाठ मानेतल्या थायरॉइडशी जोडलेली आहे का, ते पाहतात. मग खालचं टोक कुठपर्यंत आहे. महाधमनीच्या कमानीच्या वर असेल तर निवांत, कमानीच्या खाली, नलिका दुभंगते तिथवर गेलं असेल तर छाती उघडण्याची तयारी ठेवायची. नंतर गाठ नलिकेच्या पुढे आहे की मागे. बहुतेक गाठी पुढून उतरतात. मागून उतरणाऱ्या दहात एखाद-दुसऱ्या असतात, आणि त्या बहुधा उजव्या बाजूला जातात, कारण डावीकडे महाधमनीची कमान वाट अडवते. मागच्या गाठी अवघड. त्यांच्यामुळे आवाजाची नस कधी कधी गाठीच्या पुढे येऊन ताणलेली असते, म्हणजे सर्जनला जी नस मागे सापडायला हवी ती त्याच्या चाकूच्या वाटेत असते. शेवटी, गाठ आणि शेजारचे अवयव यांच्यामध्ये चरबीचा पातळ थर टिकून आहे का. तो नाहीसा झाला असेल तर कर्करोगाचा किंवा चिकटण्याचा विचार करावा लागतो, आणि मग बोटाने सोडवून घेण्याचा बेत सोडून द्यावा लागतो.

आपल्या बाईंचं चित्र असं होतं: उजवा भाग 11 सेंटीमीटर लांब, मानेशी जोडलेला, पुढून उतरलेला, टोक महाधमनीच्या कमानीच्या किंचित वर, चरबीचा थर शाबूत. कड्याखाली गाठ कड्यापेक्षा रुंद नव्हती. श्वासनलिका डावीकडे ढकललेली आणि 4 सेंटीमीटर लांबीत चेपून 6 मिलिमीटर. डाव्या भागातही गाठी. मानेतूनच काढायचं ठरलं, पण छातीचा सर्जन त्या दिवशी इमारतीत असेल अशी तारीख घेतली. 'लागलाच तर बोलावू' या भरवशावर असली शस्त्रक्रिया करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. लागतो तेव्हा तो पाच मिनिटांत लागतो.

गोळ्यांनी हे बरं होणार नाही का, असा प्रश्न घरचे विचारतातच. थायरॉइडच्या गोळ्या देऊन मोठी, जुनी, गाठीगाठींची ग्रंथी आटवता येत नाही, आणि ज्यांचं टीएसएच आधीच कमी आहे त्यांना त्या अपायच करतात. किरणोत्सारी आयोडीनने गाठ काही महिन्यांत थोडी आटते, पण आटण्याआधी ती काही दिवस सुजू शकते, आणि 6 मिलिमीटरच्या फटीत सूज परवडत नाही. शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा रुग्णांसाठीच तो पर्याय राखून ठेवतात.

शस्त्रक्रियेतला सर्वांत नाजूक भाग चाकू लागण्यापूर्वी असतो. भूल देताच स्नायू ढिले पडतात आणि त्या क्षणी नलिका पूर्ण मिटली तर? नेहमीचा आपत्कालीन उपाय, गळ्यातून छिद्र पाडून नळी टाकणं, इथे कामाचा नाही: छिद्राच्या जागी गाठ बसलेली आहे आणि अडथळा त्याच्याही खाली आहे. म्हणून आपल्या बाईंना अर्धवट बसवून, घसा फक्त बधिर करून, जाग्या असतानाच लवचीक दुर्बिणीवरून नळी आत घातली. नळी 6 नंबरची, आतून तारेची गुंडाळी असलेली, म्हणजे दाबली तरी चपटी न होणारी. तिचा बाहेरचा व्यास 8 मिलिमीटरच्या वर असतो, मग 6 मिलिमीटरच्या फटीतून ती गेली कशी? साध्या गलगंडाने चेपलेली नलिका आतून मऊ असते, नळी आली की ती उघडते. कर्करोगाने वेढलेली नलिका अशी उघडत नाही. नळीचं टोक अरुंद भाग ओलांडून पुढे गेल्याचं दुर्बिणीने पाहिलं आणि मगच झोपेचं औषध दिलं. कडक, पोलादी दुर्बीण ट्रेवर तयार होती. ती वापरावी लागली नाही.

मानेच्या मुळाशी, गळ्यातल्या माळेच्या रेषेत आडवा छेद. ही पद्धत ज्यांच्यामुळे रुळली त्या बर्नच्या थिओडोर कोखर यांना थायरॉइडवरच्या कामासाठी 1909 चं नोबेल मिळालं होतं. आधी वरच्या टोकाच्या रक्तवाहिन्या बांधल्या, मग मानेतल्या खालच्या धमनीच्या फांद्या. देठ सुटला की गाठीतलं रक्त ओसरतं आणि ती किंचित मऊ पडते. आवाजाची नस नेहमी खालून वर शोधतात. इथे खाली गाठ असल्याने ती स्वरयंत्रात शिरते तिथे, वरच्या टोकाला, आधी शोधली आणि वरून खाली मागोवा घेत सोडवली. मग गाठीच्या आवरणाला चिकटून बोट खाली सरकवलं, वरून हळू ओढ देत गाठ फिरवत-फिरवत कड्यातून वर आणली. इथे घाई करणाऱ्याचा घात होतो. खोलवर एखादी शीर फाटली तर रक्त छातीत साचतं आणि मानेतून ते दिसत नाही, बांधताही येत नाही. गाठ हलत नसेल तर ओढ वाढवायची नसते, छातीच्या मधल्या हाडाचा वरचा भाग चिरून वाट रुंद करायची असते. बाहेर काढणं सोपं व्हावं म्हणून गाठीचे आतल्या आत तुकडे करणंही टाळतात, कारण रक्तस्राव होतो, आणि आत कर्करोग असल्यास पेशी सांडतात.

उजवी नस नीट असल्याची खात्री मॉनिटरवर झाल्यावरच डावा भाग काढला. पहिल्या बाजूला नसेचा संकेत मिळेनासा झाला असता, तर शहाणा सर्जन दुसरी बाजू त्या दिवशी सोडून देतो. दोन्ही नसा एकदम दुखावल्या तर स्वरतंतू मध्ये मिटून बसतात, आणि ज्या श्वासासाठी हे सगळं केलं तोच अडतो. मग डावा भाग ठेवूनच का दिला नाही? त्यात गाठी होत्या, त्या वाढल्या असत्या, आणि एकदा शस्त्रक्रिया झालेल्या मानेत पुन्हा शिरणं पहिल्यापेक्षा खूप धोक्याचं असतं. दोन्ही बाजू तोलून हा निर्णय होतो, तो प्रत्येकीसाठी एकच नसतो.

नळी काढण्यापूर्वी तिचा फुगा रिकामा करून बाजूने हवा जाते का, ते पाहिलं. वर्षानुवर्षं दाबलेल्या नलिकेच्या कड्या कधी इतक्या मऊ झालेल्या असतात की आधार जाताच ती आत कोसळते. असं फार क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा नळी आणखी काही दिवस ठेवावी लागते. त्यापेक्षा जास्त वेळा जीव घेणारी गोष्ट म्हणजे पहिल्या चोवीस तासांत मानेत साचणारं रक्त. रुग्ण अस्वस्थ होतो, 'गळा आवळतोय' म्हणतो, आवाज बदलतो, मान टणक होते. ऑक्सिजनचा आकडा यात शेवटी पडतो, म्हणून त्याची वाट पाहायची नसते. टाके खाटेवरच उघडून रक्त मोकळं करायचं. त्यासाठी लागणारी कात्री आणि चिमटा खाटेशेजारी ठेवलेला असतो, आणि रात्रपाळीच्या नर्सला तो कुठे आहे हे माहीत असावं लागतं.

आपल्या बाईंना हे काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या. थायरॉइडला चिकटलेल्या चार बारीक ग्रंथी रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. त्या दुखावल्या किंवा काही काळ मंदावल्या की असं होतं. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या सक्रिय गोळ्यांनी ते सावरलं, आणि पाच-सहा आठवड्यांत गोळ्या बंद झाल्या. काढलेल्या गाठीत कर्करोग नव्हता. थायरॉइडची गोळी आता कायमची, सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी अर्धा तास. वजन 60 किलोच्या आसपास असेल तर डोस साधारण 100 मायक्रोग्रॅमपाशी स्थिरावतो, मात्र वय आणि हृदय पाहून तो कमीपासून वाढवत नेतात आणि सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पाहून बदलतात.

अजून एक गट उरतो. पंचाहत्तरीतले गृहस्थ, कसलाही त्रास नाही, दुसऱ्याच कारणाने काढलेल्या स्कॅनवर छातीत उतरलेली गाठ दिसली. अनेक सर्जन अशांनाही शस्त्रक्रिया सुचवतात, कारण गाठ पुढे वाढलीच तर वय आणखी वाढलेलं असेल आणि अचानक रक्त साचून ती एका रात्रीत फुगूही शकते. दुसरी बाजूही खरी आहे: यातल्या कित्येक गाठी वर्षानुवर्षं तशाच राहतात, आणि शस्त्रक्रियेचा धोका मात्र त्याच दिवशीचा असतो. नलिका 10-12 मिलिमीटर मोकळी असेल, फुंकण्याच्या आलेखाचा आकार चांगला असेल आणि संशयास्पद गाठ नसेल, तर अशा गृहस्थांना वर्षभराने पुन्हा स्कॅन करून थांबवणं मला जास्त पटतं. नलिका 8 मिलिमीटरकडे सरकली असेल तर त्रास होत नसला तरी थांबू नये. या वयात जिने चढणं आपोआप कमी झालेलं असतं, त्यामुळे दम लागत नाही असं ते सांगतात. आधी त्यांना दवाखान्याचे दोन मजले चढून यायला सांगावं आणि मग पुन्हा विचारावं.